शिवलेले हृदय आणि खो-खोचा डाव



शाळेतल्या मुलांची तपासणी करायला आमचे पथक वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत जाते. वजन, उंची, डोळे, दात, कान, छाती असे एकेक पाहत आम्ही पुढे सरकतो. मागच्या पावसाळ्यात एका शाळेत पोचलो, तेव्हा पाचवीच्या मुली मैदानावर खो-खो खेळत होत्या. एक मुलगी मात्र कडुलिंबाच्या पारावर बसून सगळ्यांच्या चपला राखत होती. मी विचारले, “काय गं, तू नाही खेळत?” ती म्हणाली, “माझं हृदय शिवलेलं आहे.” हे तिने अगदी सहज सांगितले, जसे एखादी पोर आपल्या गावाचे नाव सांगते.

गुरुजी शेजारी उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “डॉक्टरबाई, तिच्या हृदयाला भोक होतं. ऑपरेशन झालंय. पळवली आणि काही बरंवाईट झालं तर मी तिच्या बापाला काय तोंड दाखवू?”

त्यांची भीती खरी होती, आणि तिचे उत्तर पाच मिनिटांत उभ्या उभ्या देता येणारे नव्हते. म्हणून मी मुलीच्या वडिलांकडून तिचे सारे कागद मागवून घेतले, तिच्या हृदयतज्ज्ञांशी बोलले आणि मग गुरुजींना एक पत्र लिहिले. गुरुजींच्या नि वडिलांच्या संमतीने, नावगाव गाळून, तेच पत्र आज आपल्यापुढे ठेवते.

*

गुरुजींस सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी एका वाक्यात देते. ही मुलगी तुमच्या मैदानावरचे सगळे खेळ खेळू शकते. आता असे का म्हणते, ते नीट सांगते. कारण नुसत्या माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही तिला मैदानात उतरवावे, असे मला वाटत नाही. कारण कळले की भीती आपोआप जागच्या जागी बसते.

पहिली गोष्ट तुमच्या दप्तरातल्या नोंदीची. तिच्या नावापुढे लिहिले आहे, “धावणे, उड्या मारणे, जड काम वर्ज्य.” ही नोंद पहिलीत दाखला घेताना केलेली आहे. ती ज्या कागदावरून उतरवली तो मूळ कागद मी पाहिला. तो शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेला, म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा. त्यावर तेच शब्द आहेत, पण त्यांच्यापुढे आणखी दोन शब्द आहेत, “तीन महिने”. उतरवून घेताना ते दोन शब्द गळले आणि तीन महिन्यांचे पथ्य सहा वर्षे चालले. यात तुमचा दोष नाही. गेल्या वर्षी मीच तिची छाती तपासली, व्रण पाहिला, कार्डावर “हृदयशस्त्रक्रिया झालेली” एवढे लिहिले आणि पुढे गेले. खेळावे की नाही, याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. ती चूक माझी.

आता तिच्या हृदयाला झाले काय होते, ते पाहू. हृदय म्हणजे चार खोल्यांचे घर समजा. वर दोन लहान खोल्या, खाली दोन मोठ्या. खालची उजवी खोली रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवते; काम जवळचे, म्हणून जोर थोडा पुरतो. खालची डावी खोली रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत ढकलते. तिचा जोर उजवीच्या चार-पाच पट असतो. दोघींच्या मध्ये स्नायूची जाड भिंत आहे. आईच्या पोटात असताना ही भिंत तयार होत होती, ती या मुलीच्या बाबतीत पुरी जुळली नाही. आठ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढे छिद्र राहिले.

पाटाचे पाणी तुम्हाला ठाऊक आहे. पाट फुटला की पाणी आपल्या वाफ्यात कमी येते आणि शेजारच्या शेतात साचते. इथे तेच झाले. जोराच्या बाजूचे रक्त छिद्रातून उजवीकडे शिरे आणि तिथून फुप्फुसांत जाई. फुप्फुसे चिबडलेल्या रानासारखी झाली आणि हृदयाला तेच रक्त पुन्हा पुन्हा उपसावे लागले. म्हणून तान्हेपणी दूध पिताना तिला घाम येई, धाप लागे, दर दोन महिन्यांनी छाती भरे आणि वजन वाढत नसे. तिच्या आजीने “दृष्ट लागली” म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. त्या माउलीला तरी कसे कळावे!

चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. छातीचे मधले हाड उभे कापून हृदय उघडे केले. तेवढ्या वेळापुरते हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम एका यंत्रावर सोपवले, हृदय थांबवले आणि छिद्रावर एक ठिगळ टाक्यांनी शिवून टाकले. मग हृदय पुन्हा चालू केले आणि हाड पोलादी तारेने बांधले. आपल्याला आज हे सरावाचे वाटते, पण १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लिलेहाय यांनी असले छिद्र पहिल्यांदा बुजवले, तेव्हा या कामाला यंत्र वापरले नव्हते. त्यांनी मुलाच्या रक्तनळ्या बापाच्या रक्तनळ्यांना जोडल्या आणि शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत बापाच्या हृदयाने आपल्या मुलाचे रक्त खेळवले. ते पहिले मूल काही दिवसांनी न्यूमोनियाने गेले. पण त्याच रीतीने पुढे शिवलेली कित्येक मुले जगली, मोठी झाली, मुलाबाळांची झाली.

तर गुरुजी, तुम्हाला वाटते की हे ठिगळ धावताना उसवेल. कापडावरचे ठिगळ उसवते, कारण कापड निर्जीव असते. हृदयावरच्या ठिगळावर साधारण सहा महिन्यांत हृदयाच्या आतल्या अस्तराचा पातळ थर चढतो आणि ते भिंतीचाच भाग होऊन बसते. सहा वर्षांनंतर ते धावण्याने सुटत नाही. छातीचे हाड दीड-दोन महिन्यांत सांधते आणि तीन महिन्यांत धक्के सोसण्याजोगे पक्के होते. त्या “तीन महिन्यां”चे कारण हे हाड. आतली तार तशीच राहते. ती सहसा टोचत नाही की गंजत नाही.

मग हृदयतज्ज्ञ खेळाला परवानगी देताना पाहतात तरी काय? तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न, ठिगळाच्या कडेने रक्त अजून झिरपते का? आवाजाच्या लहरींनी हृदयाचे चित्र काढतात, त्यात हे दिसते. या मुलीचे झिरपत नाही.

दुसरा प्रश्न, फुप्फुसांच्या रक्तनळ्यांतला दाब उतरला का? छिद्र फार वर्षे उघडे राहिले, तर त्या नळ्या जाड नि ताठर होतात. मग छिद्र बुजवूनही दाब चढाच राहतो. असे मूल धावले, तर हृदयाला वाढते रक्त पुढे ढकलता येत नाही आणि ते चक्कर येऊन पडते. असल्या मुलाला दमवणारे खेळ खरोखरच धोक्याचे. या मुलीची शस्त्रक्रिया दाब कायमचा बसण्याआधी झाली. तो आता इतर मुलांसारखा आहे.

तिसरा प्रश्न ठोक्याचा. हृदयाच्या ठोक्याचा हुकूम विजेच्या बारीक धाग्यांतून जातो आणि हे धागे नेमके त्या छिद्राच्या काठाजवळून जातात. टाके घालताना त्यांना इजा झाली, तर ठोका मंद पडू शकतो किंवा चुकू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे विद्युत आलेख काढत राहतात. गेल्या महिन्यात तिला चालत्या पट्ट्यावर पळवून आलेख काढला. पळताना ठोके वाढले, नियमित राहिले आणि थांबल्यावर रीतसर उतरले.

तिन्ही उत्तरे चांगली आली. हृदयाची ताकदही चांगली आहे. असे असले की शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी मुलाने सगळे खेळ खेळावेत, अगदी स्पर्धेतसुद्धा, असा आज हृदयतज्ज्ञांचा विचार आहे. तिच्या तज्ज्ञांनी तसे लिहून दिले आहे आणि त्या कागदावर तारीख आहे. तो सोबत जोडला आहे. दप्तरातली जुनी नोंद खोडून ही लावा.

आता मैदानावर या. खो-खो तिला चांगलाच मानवेल. कारण पाठलाग करणारी थोडे पळते, खो देते आणि बसते. पळणे आणि विसावा आळीपाळीने मिळतो. लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या, सारे चालेल. कबड्डीतली पकड आणि धक्काही चालेल. तिची छाती आता इतर मुलींच्या छातीपेक्षा कच्ची नाही. रस्सीखेचही चालेल. विहिरीत पोहायला शिकणार असेल, तर इतर मुलांइतकीच राखण हवी, अधिक नाही.

पण एक ध्यानात घ्या. ही मुलगी सहा वर्षे पारावर बसलेली आहे. तिचे हृदय बरे असले, तरी पायांना नि श्वासाला सवय नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण डाव खेळवलात तर ती चटकन दमेल, धापा टाकील आणि तुम्ही म्हणाल, “पाहा, सांगत नव्हतो?” म्हणून बेताने चढवा. पहिला आठवडा मैदानाला भरभर चालत फेऱ्या आणि मध्ये थोडे हळू पळणे. दुसऱ्या आठवड्यात लंगडी आणि दोरी. तिसऱ्यात खो-खोत एखादा लहान डाव. चौथ्यापासून सगळ्यांबरोबर. दम मोजायची सोपी खूण सांगते. पळता पळता तिला तिचे नाव-गाव विचारा. धापत का होईना, चार शब्दांचे वाक्य बोलता आले तर ठीक. एकही शब्द फुटेना, तर थोडे थांबवा. आणि तिने स्वतःहून “बसते” म्हटले, तर बसू द्या. चिडवू नका, कोणाला चिडवू देऊ नका. विसावा घेऊन परत यायला मोकळीक असली, की मूल आपणहून जपून खेळते.

दमणे आणि धोका यांत फरक कसा ओळखावा, ते सांगते. खेळताना तोंड लाल होणे, घाम येणे, बरगडीखाली कळ येणे, धाप लागणे, हे सगळ्यांनाच होते. पाचेक मिनिटे बसल्यावर उतरले, तर काळजी नाही. फार लवकर धाप लागत असेल आणि पापण्यांच्या आतली कड पांढुरकी दिसत असेल, तर मला कळवा. आपल्याकडच्या मुलींत याचे कारण पुष्कळदा हृदय नसून रक्त कमी असणे हे असते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती ही मुलगी “हृदयाला चालेल का” म्हणून घेत नव्हती. ती तिला जरूर द्या.

चक्कर मात्र दोन तऱ्हेची. सकाळी उपाशीपोटी प्रार्थनेला उन्हात उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग गार पडले, आडवे करून पाय उंच धरल्यावर मिनिटभरात शुद्ध आली, ही चक्कर कोणत्याही मुलीला येते. घरी कळवा, मला कळवा, घाबरू नका. पण ऐन धावताना, काही पूर्वसूचना नसताना ती कोसळली, तर ती हृदयाची चक्कर समजा. मिनिटभरात उठून “काही नाही झालं, गुरुजी” म्हणाली तरीसुद्धा तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तपासणी होईपर्यंत खेळ बंद ठेवा. तसेच बसल्यावरही छातीत फडफड थांबेना, ओठ निळसर दिसू लागले किंवा धावताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखे दुखले, तर त्या दिवशी खेळ थांबवून दाखवायला आणा.

कोसळलेली मुलगी हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर काय करायचे? कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, तोंडात पाणी ओतू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. मधूनच घोरल्यासारखा एखादा आचका आला, तर तो श्वास समजू नका. एकाने १०८ क्रमांकाला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच तिला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताच्या टाचेने जोराने दाबावे. छाती दोन इंच, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. तोंडाने श्वास द्यायचे शिक्षण कोणी घेतले असेल, तर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा मूल हालचाल करीपर्यंत थांबू नये. आणि गुरुजी, नेमक्या तिथे तिचा व्रण आहे, आत तार आहे, म्हणून हात मागे घेऊ नका. तिथेच दाबायचे. हे मी या मुलीपुरते लिहीत नाही. असा प्रसंग कोणत्याही मुलावर, तुमच्या-माझ्यावरही येऊ शकतो. पुढच्या भेटीत मी उशी घेऊन येते आणि तुम्हा सर्वांना करून दाखवते.

खेळाबाहेरची एकच गोष्ट सांभाळायची, ती दातांची. किडक्या दातांतले जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतल्या अस्तरावर बसू शकतात. पक्क्या भरलेल्या छिद्राला हा धोका फार थोडा, पण दात घासण्याचे काम त्याहून थोडे. दोनदा घासू द्या, किडलेला दात लवकर दाखवू द्या. कारण सापडत नसलेला ताप आठवडाभर टिकला, तर गावात मिळेल ती गोळी देत न बसता, तिच्या शस्त्रक्रियेचा कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवा.

शेवटी एक बजावते. हे पत्र या एका मुलीचे आहे. उद्या शाळेत छातीवर असाच व्रण असलेला दुसरा मुलगा आला, तर हेच पत्र त्याला लावू नका. व्रण बाहेरून सारखा दिसतो, आतले काम निराळे असते. एखाद्याची झडप बदलून धातूची बसवलेली असेल, तर तो रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेत असेल. त्याला कबड्डीतला डोक्यावरचा मार जिवावर बेतू शकतो. एखाद्याची झडप अरुंद असेल, तर त्याला रस्सीखेच नको. एखाद्याचा जन्मतः निळेपणा शस्त्रक्रियेने गेला असेल, पण झडप गळत असेल. प्रत्येकाचा कागद वेगळा. तुम्ही एवढेच करा, पालकांना विचारा, “याने काय खेळावे, काय नको, आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांकडून तारखेनिशी लिहून आणा.” तारीख नसलेले पथ्य घेऊ नका.

तिला बसवून ठेवण्यात तुमचा हेतू मायेचा होता, हे मी जाणते. पण बसण्याचीही किंमत असते. तिचे वजन उंचीच्या मानाने वाढू लागले आहे. शिवलेल्या हृदयालाही इतर स्नायूंसारखे काम हवे असते. आणि तपासणीच्या वेळी तिने मला हळूच विचारले, “बाई, मी मोठी झाले तरी चपलाच राखायच्या का?” याचे उत्तर मी दिले नाही. ते तुम्ही द्यावे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आपली,
शाळा तपासणी पथकातील डॉक्टर

*

श्रोते हो, पत्र इथे संपले. महिन्याभराने गुरुजींचे चार ओळींचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, “दप्तरातली नोंद खोडली. चार आठवडे तुम्ही सांगितले तसे केले. पहिल्या आठवड्यात दमली, आता दमत नाही. तालुक्याला संघ न्यायचा आहे. तिला नऊजणींत घेऊ की राखीव ठेवू?”

मी उलट टपाली कळवले, “गुरुजी, हा प्रश्न आता डॉक्टरचा राहिला नाही. ती पळते कशी, खो देते कशी, ते पाहा आणि तुम्हीच ठरवा.”